ठाऊक, वाटतं, करतो : हिवतापाची पाहणी आपली आपण कशी करायची

(पाडा कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या आरोग्य शिबिरात झालेल्या भाषणाचा हा मजकूर. बोललेलं शक्यतो तसंच ठेवलं आहे. पाड्यावरच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावं.)



आपल्या बारा पाड्यांत पुढच्या पावसाळ्याआधी हिवतापाची मोहीम घ्यायचं बैठकीत ठरलं. त्याआधी भादवा-अश्विनात, म्हणजे ताप घरात असतानाच, घरोघर जाऊन पाहणी करायची. या पाहणीला शिकलेली माणसं केएपी म्हणतात. आपल्या भाषेत तीन शब्द पुरेत : लोकांना काय ठाऊक आहे, लोकांना काय वाटतं, आणि लोक करतात काय. या पाहणीचा कागद कसा तयार करायचा, एवढंच आज बोलू.

पहिल्यांदा हे सांगतो की कागद चुकीचा झाला तर काय होतं. आपल्याबद्दल अहवालात एक वाक्य ठरलेलं असतं : आदिवासी अज्ञानी आहेत, फवारणी करू देत नाहीत, रक्त तपासू देत नाहीत. हे वाक्य येतं कुठून? कोणीतरी घरात शिरून विचारतो, "मलेरिया कशाने होतो?" बाई म्हणते, "नव्या पाण्याने." तो लिहितो, "ठाऊक नाही." पुढे विचारतो, "फवारणी केली का?" ती म्हणते, "नाही." तो लिहितो, "नाही." कागद संपला. त्या दोन उत्तरांची बेरीज करून वर जातं : ज्ञान नाही म्हणून फवारणी नाही. मग पोस्टर छापतात. आणि फवारणीवाला त्या पाड्याला आलाच नव्हता, ही गोष्ट कागदात कुठेच येत नाही, कारण ती विचारलेलीच नाही.

म्हणून कागद करताना एकच कसोटी लावायची. एखादी गोष्ट होत नसेल तर त्याची तीन कारणं असतात. माणसाला ठाऊक नसतं. किंवा ठाऊक असतं पण नको वाटतं. किंवा ठाऊक आहे, हवंही आहे, पण जमत नाही. ज्या कागदावरून या तिघांतला फरक कळत नाही, तो कागद कामाचा नाही. पहिल्याला समजावून सांगावं लागतं. दुसऱ्याचं ऐकून घ्यावं लागतं. तिसऱ्यासाठी सरकारकडे मागावं लागतं. तिन्ही कामं वेगळी आहेत.

आधी ऐका, मग लिहा

प्रश्न खोलीत बसून लिहायचे नाहीत. आधी तीन-चार पाड्यांवर चार-पाच बाया आणि चार-पाच पुरुष असे वेगवेगळे बसवा आणि नुसतं ऐका. तापाला काय काय नावं आहेत? थंडी वाजून येतो तो, एक दिवसाआड येतो तो, डोक्यात चढतो तो, यांना तुमच्या बोलीत वेगवेगळे शब्द असतील. ते जसेच्या तसे वहीत उतरवा. बाईच्या बोलीत "मलेरिया" हा शब्दच नसला, तर "मलेरिया कशाने होतो" या प्रश्नाला ती जे सांगेल ते भलत्याच दुखण्याबद्दल असेल.

प्रश्न तयार झाले की एकाने ते बोलीत करायचे. मग ज्याने मूळ प्रश्न पाहिलेच नाहीत अशा दुसऱ्याने ते बोलीतून परत मराठीत करायचे. दोन्ही मराठी कागद शेजारी ठेवा. जिथे जुळत नाहीत तिथे बोलीतला प्रश्न बिघडलेला आहे. "फवारणीवर तुमचा विश्वास आहे का" याचं परत येताना "फवारणीवाल्यावर तुमचा विश्वास आहे का" असं सहज होतं. हे दोन प्रश्न अगदी वेगळे आहेत.

ठाऊक : उत्तर बरोबर कोणतं, हे आधी आपण ठरवा

हिवतापाचा डास हा गटारातला डास नाही, हे पहिल्यांदा आपल्याला पक्कं पाहिजे. तो ओढ्याच्या थांबलेल्या डबक्यात, भाताच्या खाचरात, माती काढलेल्या खड्ड्यात, अशा बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात वाढतो. चावते ती मादी, आणि ती चावते अंधार पडल्यापासून पहाटेपर्यंत. शहरातल्या पोस्टरवर मात्र गटार आणि कचराकुंडी असते. आपल्या पाड्याला गटार आहे कुठे? पण छापील कागदावर "डास कुठे होतात" याचं बरोबर उत्तर "गटारात" असं धरलेलं असलं, तर पोस्टर वाचलेला पोरगा पास होतो आणि "ओढ्याच्या डबक्यात" म्हणणारी म्हातारी नापास होते. खरं तर तिचं बरोबर आहे.

दुसरी गोष्ट. उत्तर तोंडात घालायचं नाही. "डास चावल्याने हिवताप होतो, ठाऊक आहे ना?" असं विचारलं तर कोण नाही म्हणेल? "हा ताप कशाने येतो?" एवढंच विचारा आणि थांबा. उत्तर आलं की, "आणखी कशाने?" पुन्हा थांबा. जे जे सांगतील ते सगळं लिहा. पुष्कळ जण डासही सांगतील आणि नवं पाणीही सांगतील. नव्या पाण्यावर हसायचं नाही. पाऊस पडला, डबकी साचली, काही आठवड्यांनी ताप आला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मधला डास तेवढा दिसलेला नाही. मोहिमेत बोलायला हाच धागा उपयोगी पडतो. म्हणून "चूक" असा शिक्का मारून तो हरवू नका.

वाटतं : आपल्या तोंडावर खरं सांगत नाहीत

तिघांत हा भाग सगळ्यात अवघड आहे. संघटनेचा माणूस दारात उभा राहून विचारतो, "फवारणी चांगली का वाईट?" घरधनी म्हणतो, "चांगली." कारण त्याला वाटतं, याला हेच उत्तर हवं आहे. अशा उत्तरांनी भरलेल्या कागदांतून काहीच कळत नाही.

यावर उपाय असा की त्याला त्याच्याबद्दल विचारू नका, दुसऱ्यांबद्दल विचारा. "काही पाड्यांवर लोक आतल्या खोलीत फवारू देत नाहीत असं ऐकतो. का बरं करत असतील?" आता तो मोकळा होतो. सांगतो, भिंत पांढरी डागाळते. वास येतो. धान्याची कणगी, देवाची जागा आत असते. ढेकूण तर मरतच नाहीत. पेरणीच्या दिवसांत येतात, सामान बाहेर काढायला घरी कोण असतं? यातली बरीच कारणं त्याची स्वतःची असतात.

देशात डीडीटीची घरोघर फवारणी १९५३ सालच्या कार्यक्रमापासून सुरू झाली. १९६५ च्या सुमाराला देशभरात वर्षाला लाखभर रोगी उरले होते. १९७६ मध्ये ते चौसष्ट लाखांवर गेले. म्हणजे फवारणी आली, ताप गेला, मग फवारणी चालू असतानाही ताप परत आला, हे आपल्या म्हाताऱ्यांनी सगळं पाहिलं आहे. डासांना औषधाची सवय झाली हे एक कारण डॉक्टरही सांगतात. म्हणून "त्याने काही होत नाही" असं कोणी म्हणालं, तर ते अडाणीपणाचं बोलणं समजू नका. लिहून घ्या, आणि "केव्हापासून होत नाही?" हेही विचारा.

करतो : नेहमीचं नको, मागच्या वेळचं विचारा

"ताप आला की तुम्ही काय करता?" असं विचारलं की माणूस जे करायला पाहिजे ते सांगतो. "मागच्या वेळी काय केलं?" असं विचारलं की केलं ते सांगतो. म्हणून प्रश्न असा : "मागच्या दोन बाजारांपासून आजपर्यंत या घरात कोणाला ताप आला का?" आपला बाजार आठवड्याचा, म्हणजे दोन बाजार हे पंधरा दिवस झाले. महिना, तारीख विचारलीत तर अंदाजे काहीही येईल, बाजार मात्र सगळ्यांच्या लक्षात असतो. पंधरा दिवसांच्या मागचं विचारू नका, आठवण पुसट होते.

ताप आला असेल तर पायरीपायरीने चला. "पहिल्या दिवशी काय केलं? मग कुठे गेलात? कितव्या दिवशी? मग?" भगत, बाजारातला सुईवाला, दुकानातली गोळी, दवाखाना, ज्या क्रमाने सांगतील त्याच क्रमाने लिहा. काचेवर रक्त कितव्या दिवशी घेतलं आणि निकाल कितव्या दिवशी कळला, हे दोन आकडे वेगवेगळे लिहा. डोक्यात चढणारा हिवताप पोराला काही दिवसांत घेऊन जातो. रक्त दुसऱ्या दिवशी घेतलं आणि निकाल तीन आठवड्यांनी आला, तर त्या घराने काय कमी केलं? गोळ्या पुऱ्या घेतल्या का, हे विचारताना "पुऱ्या घेतल्या ना?" असं नको. "किती गोळ्या उरल्या? दाखवता का?" असं विचारा.

आणि जे डोळ्यांनी दिसतं ते तोंडाने विचारू नका. फवारलेल्या भिंतीवर औषधाचे पांढरट डाग दिसतात. त्यावर ताजं लिंपण झालं असेल तर तेही दिसतं. फवारणीचा गुण दोन-तीन महिने टिकतो, तो भिंतीच्या वरच्या थरावर. डास भिंतीवर बसतो तेव्हा औषध त्याच्या पायाला लागतं. फवारणीनंतर दिवाळीचं लिंपण केलं की औषध मातीखाली गेलं. अशा घराने फवारणी करून घेतली, तरी उपयोग गेला. छापील कागदात हे घर "फवारणी झाली" यातच जातं. आपल्या कागदावर तीन खाने ठेवा : फवारलं नाही, फवारलं आणि डाग दिसतात, फवारलं पण वरून लिंपलं.

रात्री कोण कुठे झोपतं, हा प्रश्न विसरू नका. भात, नागली पिकायला लागली की रानडुकरांसाठी घरचा माणूस माळ्यावर झोपतो. घराच्या भिंती फवारल्या तरी त्याला चावणारा डास त्या भिंतीवर बसायला येतच नाही.

कोणती घरं, आणि कोणाला विचारायचं

आपल्या बारा पाड्यांत मिळून समजा ४८० घरं आहेत. सगळीकडे जाणं जमणार नाही. पाचांतलं एक घर घेतलं तर ९६ घरं होतात, हे जमण्यासारखं आहे. पण सरकारी यादी घेऊन बसू नका. वनजमिनीवरच्या प्लॉटजवळ जी घरं आहेत ती त्या यादीत नसतात, आणि फवारणीचं पथक त्याच यादीने फिरतं. म्हणजे जी घरं सुटली आहेत तीच पाहणीतूनही सुटतील. आधी स्वतः फिरून प्रत्येक पाड्याचा नकाशा जमिनीवर काढा, घराला घर मोजा, मग कागदावर उतरवा. बारा पाड्यांची एकच सलग यादी करा. एक ते पाच अशा चिठ्ठ्या टाकून एक उचला. तीन निघाली तर तिसरं घर, आठवं, तेरावं, असं शेवटपर्यंत जा. रस्त्याजवळचं, ओळखीचं, चहा देणारं घर निवडायचं नाही. घर बंद असलं तर दोनदा परत जा, संध्याकाळी जा. तरीही बंद असेल तर "बंद" असं लिहा. त्याच्या जागी शेजारचं घर घेऊ नका. बंद घरातली माणसं बहुतेक वेळा मजुरीला लांब गेलेली असतात आणि त्यांचा ताप वेगळाच असतो.

पोराच्या तापाचं त्याच्या आईला किंवा आजीला विचारा, आणि विचारायला बाईच जाऊ दे. घरधनी शेजारी बसून उत्तरं देऊ लागला तर त्याला म्हणा, "दादा, तुमचेही प्रश्न आहेत, माळ्यावरच्या झोपण्याचे." एकाने त्याला बाजूला घेऊन ते विचारायचे.

कागदावर काय लिहायचं नाही

आता हे नीट ऐका. आपण वर्षानुवर्षं सांगतो, कागद करा, पुरावा ठेवा. पाहणीचा कागद त्यातला नाही. यावर नाव नको, अंगठा नको, सही नको. प्लॉट किती, कधीपासून, कुठल्या कंपार्टमेंटमध्ये, यातलं काहीही नको. गोठ्यात जनावरं किती हेही नको. हा कागद उद्या कोणाच्या टेबलावर जाईल ते आपल्या हातात नाही, आणि तापाची माहिती द्यायला गेलेल्या माणसावर अतिक्रमणाची केस व्हायला नको. कागदावर फक्त एक नंबर असेल. नंबर कोणत्या घराचा, ती वही पाडा समितीजवळ राहील. फेरपाहणी पुन्हा चिठ्ठी टाकूनच होणार, त्यामुळे मोजणी संपली की ती वही जाळून टाकायची. दारात गेल्यावर पहिल्यांदा हेच सांगा, आणि हेही सांगा की उत्तर द्यायचं नसेल तर नका देऊ. या सांगण्याने उत्तरं कमी होत नाहीत, उलट खरी येतात.

जमिनीच्या दाव्याचे प्रश्न याच फेरीत उरकून घेऊ, असं कोणी सुचवेल. तसं करायचं नाही. दोन्ही कामं बिघडतील.

मोजणी कशी वाचायची

आकडे समजून घ्यायला एक मांडणी करू. हे आकडे खरे नाहीत, समजण्यासाठी धरलेले आहेत. ९६ पैकी ६ घरं बंद निघाली, ९० घरांत उत्तरं मिळाली. त्यांतल्या ३० घरांत मागच्या दोन बाजारांत ताप आला. "असा ताप आला तर रक्त तपासावं लागतं" हे या ३० पैकी २४ घरांना ठाऊक होतं. आणि रक्त घेतलं गेलं फक्त ८ घरांत.

आता नुसतं एवढं लिहिलं तर वाचणारा म्हणेल, ठाऊक असूनही करत नाहीत, हट्टी आहेत. म्हणून उरलेल्या २२ घरांचे कागद जमिनीवर पसरा आणि तीन ढीग करा. ठाऊकच नाही, अशी ५. ठाऊक आहे पण नको वाटलं, अशी ४. आणि ठाऊक आहे, हवं होतं, पण जमलं नाही, अशी १३. ते १३ पुन्हा पाहा. ८ घरांकडे रक्त घेणारा त्या पंधरा दिवसांत आलाच नाही. ५ घरांना नदी उतरून दवाखान्यात जाता आलं नाही.

मग मोहीम कोणती घ्यायची? गाणं, नाटक, पोस्टर यांनी पाच घरांचा प्रश्न सुटेल. चार घरांशी बसून बोलावं लागेल. तेरा घरांसाठी पाड्यातल्याच एका पोरीला किंवा पोराला काचेवर रक्त घ्यायला शिकवावं आणि काचा पोचवण्याची, निकाल आणण्याची सोय करावी, ही मागणी घेऊन आरोग्य केंद्रावर जावं लागेल. हे तीन ढीग कागदावर असले की तुम्ही अज्ञानी आहात असं कोणाला म्हणता येणार नाही.

पण या आकड्यांना ओढूनताणून मोठं करू नका. तीस घरांवरून शेकडेवारी काढत बसू नका, "तिसांतली आठ" असंच म्हणा. नव्वद घरांच्या उत्तरातही शंभराला दहाच्या आसपास इकडे-तिकडे धरावं लागतं. म्हणून पुढच्या वर्षी पन्नासाचे पंचावन्न झाले तर मोहीम यशस्वी झाली असं छापू नका. पन्नासाचे पंचाहत्तर झाले तर बोला. फेरपाहणी याच भादवा-अश्विनात आणि याच शब्दांत करा. होळीला केलीत तर ताप कमीच दिसेल, आणि ते आपल्या मोहिमेमुळे नाही तर ऋतूमुळे. आणि हिवताप किती जणांना आहे हे या पाहणीतून कळत नाही. घरात ताप होता एवढंच कळतं. तो हिवताप होता का, हे रक्ताची तपासणीच सांगते.

आता करायचं काय

येत्या दोन आठवड्यांत प्रत्येक पाड्याने घरांची यादी करून आणावी. बायांच्या आणि पुरुषांच्या बैठका करून तापाची नावं आणावीत. तोवर प्रश्नांचा कच्चा कागद तयार होईल. प्रश्न वीसाच्या वर जाऊ देऊ नका, एका घरी अर्ध्या तासापेक्षा जास्त बसलात तर चूल अडते आणि उत्तरंही उडतउडत मिळतात. हा कच्चा कागद बारा पाड्यांच्या बाहेरच्या एका पाड्यावर दहा घरांत वापरून पाहू. जिथे तीन-चार घरांनी "म्हणजे काय?" असं विचारलं, तो प्रश्न मोडून नव्याने करू. जिथे दहाच्या दहांनी एकच उत्तर दिलं, तिथे प्रश्नाने उत्तर तोंडात घातलं का ते पाहू.

पाहणी झाली की मोजणी पाड्यावरच, सगळ्यांसमोर, कागदांचे ढीग करून होईल. ज्यांनी उत्तरं दिली त्यांनीच ढीग पाहावेत आणि पहिली मागणी कोणती ते त्यांनीच ठरवावं.

जिंदाबाद.